हात कामात, चित्त नामात: शीख परंपरेतील नाम सिमरन आणि सेवा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नांदेडच्या गुरुद्वारांत दर्शनाला येणारे मराठी पाहुणे लंगरमध्ये जेवतात, भांडी घासणाऱ्यांकडे पाहतात आणि मग जवळच्या सेवादाराला प्रश्न विचारतात. ही माणसं कोण, त्यांना पगार मिळतो का, तोंडाने पुटपुटतात ते काय, हे सगळं करून घर कधी सांभाळतात? त्याच प्रश्नांची उत्तरं इथे जरा सविस्तर दिली आहेत. भर एकाच गोष्टीवर आहे: रोजचं काम चालू असताना नामाचं स्मरण कसं टिकवतात, आणि सेवेशी त्याचा संबंध काय.

नाम सिमरन म्हणजे नेमकं काय करतात? हा जप आहे का?

सुरुवात जपापासूनच होते. ‘वाहेगुरू’ हा गुरुमंत्र जिभेने, हलक्या आवाजात, श्वासाच्या लयीवर पुन्हा पुन्हा घेतला जातो. काही जण मूलमंत्र म्हणतात, म्हणजे जपजी साहिबच्या आरंभीचा ‘इक ओंकार सतिनामु करता पुरखु’पासून सुरू होणारा भाग. संगतीत, म्हणजे एकत्र जमलेल्या भाविकांत, एक जण उच्चारतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. माळ काही जण वापरतात, पण ती बंधनकारक नाही आणि अमुक हजार जप झाला म्हणजे अमुक फळ मिळालं असा हिशेब गुरबाणीत, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबमधल्या वाणीत, नाही.

मात्र जपावर गोष्ट संपत नाही. ज्याचं नाव घेतो त्याची आठवण मनात जागी राहणं, हे खरं सिमरन. जीभ थांबली तरी आठवण राहिली तर सिमरन चालू आहे. जीभ चालू असून मन शेजाऱ्याच्या नव्या गाडीत अडकलं असेल, तर ते चालू नाही. हा फरक समजला की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

त्यासाठी ठरलेली वेळ असते का?

असते. पहाटेची वेळ, जिला अमृत वेला म्हणतात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मंजूर केलेल्या शीख रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, शीख माणसाने पहाटे तीन तास रात्र उरलेली असताना उठावं, स्नान करावं, एका परमेश्वराचं ध्यान करत ‘वाहेगुरू’ जपावं असं सांगितलं आहे. त्यानंतर सकाळच्या बाण्या, संध्याकाळी रहरास आणि झोपण्यापूर्वी सोहिला. या रोजच्या पाठाला नितनेम म्हणतात.

पण चौथे गुरू रामदास यांनी शिखाचा दिवस सांगितला आहे, तो पहाटेवर थांबत नाही. त्यांच्या बाणीत आधी पहाटे उठून नाम, स्नान, मग दिवस उजाडल्यावर गुरबाणीचं गायन, आणि लगेच पुढे ‘बहदिआ उठदिआ हरि नामु धिआवै’. बसता उठता नाम. त्याच्याही पुढे ‘सासि गिरासि’, म्हणजे प्रत्येक श्वासाला आणि प्रत्येक घासाला. पहाटेची बैठक ही दिवसभराच्या स्मरणाची तयारी आहे. पहाटे तासभर बसून उरलेले तेवीस तास मोकळे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

काम करता करता नाम कसं घेणार? दोन्हींकडे लक्ष कसं राहील?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि गुरू ग्रंथ साहिबमधलं त्याचं सगळ्यांत नेमकं उत्तर एका मराठी संताच्या तोंडी आहे. म्हणून इथे थोडं थांबूया.

कबीरांच्या श्लोकांत, अंग म्हणजे पान १३७५-७६ वर, नामदेव आणि त्यांचे मित्र त्रिलोचन यांचा संवाद येतो. त्रिलोचन विचारतात, नामा, तुला मायेने मोहून टाकलंय. कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर असं आहे:

‘नामा कहै तिलोचना मुख ते रामु सम्हालि ॥ हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि ॥’

तोंडाने राम सांभाळ, हातापायांनी सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी ठेव. नामदेवांनी इथे माणसाचे तीन भाग केले आहेत आणि प्रत्येकाला वेगळं काम दिलं आहे. तोंड, हात-पाय, चित्त. काम सोडायला ते सांगत नाहीत. काम हेच स्मरण आहे, असंही म्हणत नाहीत. काम काम म्हणूनच राहतं, हात ते पूर्ण करतात, आणि चित्त दुसरीकडे बांधलेलं असतं.

पण चित्त बांधलेलं असताना हातातलं काम बिघडणार नाही का? त्याचं उत्तर नामदेवांच्याच रामकली रागातल्या पदात (अंग ९७२) आहे. मुलगा कागद कापून पतंग करतो, आभाळात सोडतो, सोबत्यांशी गप्पा मारतो, आणि चित्त दोरीवर ठेवतो. गावातून पाणी भरायला निघालेल्या मुली हसतात, बोलतात, चित्त डोक्यावरच्या घागरीवर. गाय पाच कोस दूर चरते, चित्त वासरापाशी. बाळ पाळण्यात, आई घरात-बाहेर कामात गढलेली, चित्त बाळापाशी. सोनार सोनं घडवताना चारचौघांशी बोलतो, चित्त सोन्यात.

ही सगळी माणसं जे करतात ते नीट करतात, हे पाहा. मुली रस्ता चुकत नाहीत, आईची भाकरी करपत नाही. लक्षाचे दोन थर असतात. वरच्या थरात हातातलं काम, बोलणं, हिशेब. खालच्या थरात एक ओढ, जी दिवसभर एकाच दिशेला असते. आईला तासभर बाळाचं नावही घ्यावं लागत नाही, पण पाळण्यातून जरा आवाज आला की ती पहिली ऐकते. सिमरन मुरतं ते या खालच्या थरात. वरच्या थरात दोन गोष्टी एकदम कोंबायचा प्रयत्न केला तर दोन्ही बिघडतात, आणि ‘मला हे जमत नाही’ म्हणणारे बहुतेक जण नेमकं तेच करत असतात.

मग तोंडाने नाम घ्यायची गरज काय? चित्तात असलं की झालं!

नामदेवांनी तोंडाला काम दिलं आहे ते उगीच नाही. खालच्या थरातली ओढ आपोआप तयार होत नाही. पहाटेच्या निवांत वेळी आणि हातांना सवयीच्या असलेल्या कामांत तोंडाने नाम घेत राहिल्यानेच ती तयार होते. ‘माझ्या मनात सदैव आहेच’ असं म्हणून पहाटेची बैठक सोडणाऱ्यांच्या मनातून ते थोड्या महिन्यांत नाहीसं होताना सेवेत पाहायला मिळतं, आणि ते खरोखर वाईट वाटतं.

माझं काम डोक्याचं आहे. वर्गात शिकवतो, हिशेब करतो, गाडी चालवतो. तिथे काय करायचं?

कामं ढोबळपणे दोन प्रकारची असतात. मटार सोलणं, झाडू मारणं, कपडे वाळत घालणं, चालणं, बसमध्ये उभं राहणं यांत वाणी मोकळी असते. तिथे नाम तोंडाने घ्या, श्वासावर घ्या. दुसऱ्या प्रकारात शब्द आणि डोकं दोन्ही कामात गुंतलेले असतात: शिकवणं, ताळेबंद जुळवणं, रुग्ण तपासणं, गर्दीतून दुचाकी काढणं. तिथे जबरदस्तीने जप चालवू नका. आकडा चुकेल, अपघात होईल, आणि ज्याचं काम तुमच्या हातात आहे त्याच्यावर अन्याय होईल.

अशा कामात तीन जागा उपयोगी पडतात. काम सुरू करण्यापूर्वीचा क्षण: पुष्कळ शीख दुकानदार शटर उघडताना, डॉक्टर पहिला रुग्ण आत घेण्यापूर्वी मनातल्या मनात छोटी अरदास, म्हणजे प्रार्थना, करतात. कामांमधल्या फटी: एक फोन संपून दुसरा लागेपर्यंत, सिग्नलला थांबल्यावर, फाइल उघडेपर्यंत. आणि रागाचा किंवा लोभाचा क्षण. ही तिसरी जागा सगळ्यांत महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक अंगावर ओरडलं, वजनात थोडी गफलत करून चार पैसे मिळण्यासारखे असले, तर त्या क्षणी आठवण आली का? सिद्ध योग्यांशी झालेल्या चर्चेत गुरू नानक ‘हाटी बाटी नीद न आवै’ म्हणतात. बाजारात आणि वाटेवर झोप लागू देऊ नये, परक्याच्या घरावर चित्त डोलू देऊ नये. जागेपणाची परीक्षा त्यांनी गुहेत ठेवली नाही, बाजारात ठेवली.

नोकरीधंदा सोडून पूर्ण वेळ नामात आणि सेवेत घालवणं जास्त चांगलं नाही का?

शीख परंपरा याला स्पष्ट नकार देते. तिचे तीन आधार परंपरेने गुरू नानकांचे म्हणून सांगितले जातात: नाम जपना, किरत करनी, वंड छकना. नाम घ्या, कष्टाने आणि प्रामाणिकपणे कमवा, वाटून खा. मधला काढला तर तिसऱ्याला आधारच राहत नाही, कारण वाटायचं ते स्वतःच्या कष्टाचं असावं लागतं. ‘घालि खाइ किछु हथहु देइ ॥ नानक राहु पछाणहि सेइ ॥’ जो राबून खातो आणि आपल्या हाताने काही देतो त्यालाच वाट कळली, असं गुरू नानक सांगतात. त्याच्या आधीच्या ओळींत गुरू आणि पीर म्हणवून घेऊन भीक मागत फिरणाऱ्याच्या पाया पडू नका, असं ते रोखठोक बजावतात.

ते स्वतःही तसेच राहिले. तरुणपणी सुलतानपूर लोधीला नवाबाच्या कोठारात हिशेबाची नोकरी केली. लांबचे प्रवास संपल्यावर रावी नदीकाठी करतारपूर वसवून आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं शेती केली. पहाटे नाम आणि कीर्तन, दिवसा शेतात काम, संध्याकाळी पुन्हा संगत, आणि शेतातलं धान्य लंगरात. आज जगभर दिसणाऱ्या लंगराची घडण त्या शेताबरोबरच झाली.

उत्पन्नाचा दहावा हिस्सा, दसवंध, बाजूला काढायची प्रथा याच वाटून खाण्यातून आली आहे. किती आणि कुठे द्यायचं याची कोणी चौकशी करत नाही.

सेवा म्हणजे लंगरच का?

नाही, पण शिकायची शाळा तीच. रहत मर्यादेत सेवेची साधी रूपं दिली आहेत: गुरुद्वारात झाडलोट करणं, संगतीला पाणी देणं, पंखा घालणं, लंगरात काम करणं, जोडे पुसणं. गुरुद्वारात याचे नमुने पाहायचे आणि मग ते जगात न्यायचे, असा त्यामागचा विचार. गुरू नानकांची ओळ आहे ‘विचि दुनीआ सेव कमाईऐ’. सेवा दुनियेत कमवायची.

दुनियेतल्या सेवेचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून भाई कन्हैया यांचं नाव घेतलं जातं. आनंदपूरच्या लढाईत ते पखाल घेऊन जखमींना पाणी पाजत फिरत आणि त्यात शत्रूचे सैनिकही असत. तक्रार झाली तेव्हा त्यांनी गुरू गोबिंदसिंग यांना सांगितलं की मला सगळ्यांत तुमचाच चेहरा दिसतो. गुरूंनी त्यांना रागावण्याऐवजी जखमांवर लावायचं मलमही दिलं, अशी साखी, म्हणजे परंपरेतली गोष्ट, आहे. या गोष्टीत नाम आणि सेवा वेगळं करून दाखवताच येत नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांत एकच दिसणं हे सिमरनाचं फळ, आणि पखाल उचलणं हे त्या दिसण्याचं काम.

विसाव्या शतकात अमृतसरला भगत पूरणसिंग (१९०४–१९९२) यांनी पिंगलवाडा हा निराधार अपंगांचा आणि आजाऱ्यांचा आश्रम उभा केला. लाहोरच्या गुरुद्वारापाशी सोडून दिलेल्या एका अपंग मुलाला त्यांनी कित्येक वर्षं पाठीवर वाहिलं आणि तिथूनच हे काम वाढलं.

लंगरातल्या सेवेत नाम नेमकं कुठे बसतं? एखादा दिवस सांगाल?

शहरातल्या मध्यम गुरुद्वारातला रविवार घेऊ. दुपारी दोनशे माणसं जेवतील असा अंदाज आहे. माणशी तीन परशादे (रोटीला लंगरात परशादा म्हणतात) धरले तर सहाशे होतात. एक किलो कणकेत साधारण पंचवीस निघतात, म्हणजे चोवीस-पंचवीस किलो पीठ. माणशी पन्नास ग्रॅम धरून उडीद आणि हरभऱ्याची मिळून दहा किलो डाळ, शिवाय एक भाजी आणि खीर.

डाळ पहाटेच चढते. तिच्यापाशी अनुभवी लांगरी, म्हणजे लंगरचा स्वयंपाकी, असतो आणि तो फारसा बोलत नाही. उकळी, फेस, तळाला लागण्याची भीती, मीठ, सगळं त्याच्या डोळ्यांत असतं. त्याचं नाम खालच्या थरातलं. फोडणी देताना मोठ्याने जप करत बसलेला नवखा सेवादार डाळ करपवतो, आणि मग दोनशे माणसं करपलेली डाळ खातात. लंगरात नाम घेण्याची पहिली अट अशी आहे की अन्न चांगलं झालं पाहिजे.

भाजी चिरणं आणि लसूण सोलणं या कामांत मात्र वाणी मोकळी असते. दहा-बारा जण गोल बसतात, कोणी तरी ‘सतनाम वाहेगुरू’ सुरू करतं आणि बाकीचे मागोमाग घेतात. नवीन माणसाला इथेच बसवतात. गप्पा सुरू झाल्या तर कोणी ओरडत नाही, कोणी तरी हळूच जप पुन्हा सुरू करतं.

परशाद्यांच्या रांगेत लय सर्वांत सहज लागते. एक पेढे, म्हणजे कणकेचे गोळे, करतो, चार-पाच जणी लाटतात, मोठ्या लोखंडी तव्यावर दोघे भाजतात, शेवटचा तूप लावून टोपलीत रचतो. लाटणाऱ्यांची जीभ मोकळी असते आणि लाटण्याच्या फेऱ्यांना जप आपोआप जोडला जातो. तव्यापाशी तसं नसतं. तिथे हात भाजतो, म्हणून दर अर्ध्या तासाने माणूस बदलतात. इथे एक गोष्ट नेहमी घडते. कुणाच्या रोट्या गोल होतात, कुणाच्या नकाशासारख्या. गोल लाटणारीला आपली रोटी ओळखू येऊ लागते, आणि ती टोपलीत वर राहावी असं वाटू लागतं. त्या क्षणी नाम सुटलेलं असतं, तोंडाने चालू असलं तरीही. जुन्या सेवादार बीबी अशा वेळी काही न बोलता तिला पेढे करायला बसवतात, कारण पेढ्यावर कुणाची सही राहत नाही.

अरदास होते, अन्नाला किरपान भेट होते, म्हणजे किरपानीचा स्पर्श होतो, मग पंगत बसते. वाढणारे ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत रांगेतून जातात. जेवणारा दोन्ही हात पुढे करतो, वाढणारा वाकून हातात देतो. वाढताना चित्त समोरच्या ताटाकडेच हवं, कारण म्हाताऱ्या माणसाला मागायला संकोच वाटतो आणि ते पाहणाऱ्यालाच दिसतं. नाम घेण्याच्या नादात भुकेल्या माणसाला ओलांडून पुढे गेलात तर ते नाम कशाचं?

शेवटी भांडी. माझ्या मते लंगरातली सर्वांत चांगली सेवा हीच. पाहणारं कोणी नसतं, आवाज इतका की बोलणं अशक्य, हात आपोआप चालतात आणि नाम कोणी न सांगता येतं. त्याच तोडीची दुसरी सेवा जोडा घरातली. लोकांचे धुळीने भरलेले जोडे घेऊन, पुसून, बिल्ला देऊन ठेवायचे.

सेवा करून अहंकार वाढताना दिसतो. ते कसं ओळखायचं?

हा धोका गुरूंनी स्वतः सांगून ठेवला आहे. तिसरे गुरू अमरदास म्हणतात, ‘हउमै नावै नालि विरोधु है दुइ न वसहि इक ठाइ ॥ हउमै विचि सेवा न होवई ता मनु बिरथा जाइ ॥’ ‘मी’पणाचं आणि नामाचं वैर आहे, दोघं एका जागी राहत नाहीत. ‘मी’पणात सेवा होतच नाही. नाम आणि सेवा का जोडलेले आहेत याचं कारण याच दोन ओळींत आहे. नाम एकट्याने घेतलं तर ‘मी नाम घेणारा’ हा नवा अहंकार तयार होतो आणि तो मोडायला जोडे पुसावे लागतात. नुसती सेवा केली तर ‘मी सेवा करणारा’ तयार होतो आणि तो विरघळायला नाम लागतं. दोन्ही बाजूंनी घेरल्याशिवाय ‘मी’ सापडत नाही.

ओळखण्याच्या खुणा अगदी रोजच्या आहेत. तुमची नेहमीची सेवा दुसऱ्याला दिली तर काय वाटतं? तुम्ही घासलेलं पातेलं कोणी परत आणून ‘तेलकट आहे’ म्हणालं तर? आज आलात हे कोणाच्याच लक्षात आलं नाही तर? घरी गेल्यावर कमी येणाऱ्यांबद्दल बोलावंसं वाटतं का? यातल्या एकाही प्रश्नाने जळजळ झाली तर सेवा सोडायची नाही, फक्त जागा बदलायची. वाढण्यावरून भांड्यांकडे, भांड्यांवरून जोड्यांकडे. गुरुद्वारात समितीच्या पदांवरून भांडणंही होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. ती भांडणं बहुतेक वेळा जोडा घरात होत नाहीत.

आणखी एक खूण घरातली. गुरुद्वारात तासन् तास भांडी घासणारा माणूस घरी स्वतःचं ताटही उचलत नसेल, तर त्याने सेवेचं ठिकाण शिकलं, सेवा शिकली नाही.

नाम घेताना मन भटकतं. कितीही प्रयत्न केला तरी.

भटकणारच. भटकलं हे कळलं की परत आणा, त्यावर चिडू नका. आवाज थोडा वाढवला आणि स्वतःच्या कानांनी ऐकत नाम घेतलं तर मदत होते, कारण मग जिभेसोबत कानही कामाला लागतो. एकट्याला कठीण जात असेल तर संगतीत बसा. बैठक लांबवण्यापेक्षा रोजची ठेवा. पंधरा मिनिटं रोज, ही रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त मुरतात. मन खूप जड असेल, झोप आणि भूक बिघडली असेल तर डॉक्टरांकडे जा. औषध घेतल्याने नाम कमी होत नाही.

हे वारकऱ्यांच्या नामस्मरणासारखंच आहे का?

मुळाशी खूप जवळचं आहे, आणि तो योगायोग नाही. नामदेवांची सुमारे ६० पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि शीख घरांत ती गुरबाणी म्हणूनच गायली जातात. आसा रागातल्या एका पदात मन मापाचा गज होतं, जीभ कात्री होते, आणि नामदेव माप घेत घेत यमाचा फास कापत जातात. त्याच पदात सोन्याची सुई आणि चांदीचा धागा येतो. शिलाईचं काम आणि नाम एकाच ओळीत शिवलेलं आहे. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे, आणि २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. कामात देव पाहणं सावता माळी आणि गोरा कुंभार यांच्या घरचंच असल्यामुळे मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं.

फरकही खरे आहेत. शीख परंपरेत मूर्ती नाही, गुरूचं स्थान ग्रंथाला आहे, आणि अमृत घेतलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, माणसाला रहत पाळावी लागते. सेवेच्या बाबतीत मोठा फरक असा की तिला रोज चालणारी, ठरलेली व्यवस्था मिळाली. दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांचा लंगर इतका नावाजला होता की त्यांच्या हातच्या तूप घातलेल्या खिरीचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबमध्येच (अंग ९६७) आला आहे. गुरू अमरदास यांनी आधी पंगत, मग संगत असा नियम घातला. जातीची उतरंड मोडायला उपदेशावर न थांबता रोज एका ओळीत जमिनीवर बसवणारी सोय त्यांनी केली.

शरीर साथ देत नाही. वाकता येत नाही, उभं राहवत नाही.

बसून लसूण सोला. तेही जमत नसेल तर जोडा घरात बिल्ले द्या, लहान मुलांना गुरबाणीची ओळ शिकवा, आजारी माणसाचं ऐकून घ्या. अंथरुणावर असलेल्या माणसाला नाम पुरेसं आहे, आणि त्याची सेवा करणाऱ्याला ती सेवा.

आम्ही शीख नाही. नांदेडला आलो तर सेवा करता येईल का?

हो, आणि त्यासाठी कोणाची चिठ्ठी लागत नाही. डोकं झाका, जोडे जोडा घरात ठेवा, हातपाय धुवा. आधी तख्त सचखंड श्री हजूर साहिबचं दर्शन घ्या. गुरू गोबिंदसिंग यांचा देह १७०८ मध्ये इथे शांत झाला. पहाटे आलात तर गोदावरीतून घागरीने पाणी आणण्याची सेवा पाहायला मिळेल. मग पंगतीत बसून जेवा, कारण जेवल्याशिवाय वाढण्याचा अर्थ कळत नाही. परशादा दोन्ही हातांनी घ्या आणि पानात टाकू नका.

नंतर लंगरातल्या कुठल्याही सेवादाराला ‘भाईसाहेब, काही सेवा आहे का?’ एवढंच विचारा. तो बहुधा भाजीकडे किंवा भांड्यांकडे बोट दाखवेल. सांगितलेलं करा, दुसरं मागू नका. मधुमेहाची जखम किंवा त्वचेचा आजार असेल तर तसं सांगा, पाण्यातलं काम टाळता येतं. सर्दी-खोकला असेल तर अन्नापासून दूर राहून झाडलोटीची सेवा घ्या. फोन खिशात ठेवा, सेवेचे फोटो काढू नका. ‘वाहेगुरू’ म्हणायला संकोच वाटत असेल तर तुमच्या तोंडी असलेलं नाव घ्या. नामदेवांनी त्रिलोचनांना राम म्हणायला सांगितलं होतं, आणि ते पद ग्रंथात तसंच आहे. तासाभराने निघायचं असेल तर शेजारच्याला सांगून निघा, म्हणजे तुमच्या जागी कोणीतरी बसेल.